घरबसल्या डेटा एन्ट्री, ११ महिन्यांचा करारनामा आणि आता वकिलाची नोटीस : खरे अर्धवेळ काम कोठे शोधावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात राहते. वय ३८, शिक्षण बी.कॉम. लग्नापूर्वी तीन वर्षे मी एका कर सल्लागारांच्या कार्यालयात टॅलीवर नोंदी करत असे. आता मुले शाळेत गेल्यावर सकाळी अकरा ते तीन एवढा वेळ मोकळा मिळतो आणि घरात इंटरनेट व जुना लॅपटॉप आहे, म्हणून घरून करता येईल असे काम शोधत होते.

एका नोकरीच्या ॲपवर ‘फॉर्म भरण्याचे काम, अनुभवाची अट नाही’ अशी जाहिरात दिसली. दूरध्वनीवर एक मुलगी अतिशय नम्रपणे बोलली. सहा दिवसांत ५०० फॉर्म भरायचे, प्रत्येक फॉर्मचे ३५ रुपये आणि अचूकता ९० टक्के, असे ठरले. आधी एकही रुपया मागितला नाही, त्यामुळे माझा विश्वास बसला. आधार आणि पॅनच्या प्रती घेतल्या, स्टॅम्प पेपरवरचा ११ महिन्यांचा करारनामा पाठवला आणि मी मोबाइलवरच बोटाने सही केली. नंतर एक संकेतस्थळ उघडून दिले. त्यात डाव्या बाजूला फॉर्मचे चित्र आणि उजव्या बाजूला रिकाम्या जागा असत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून मी ५०० फॉर्म पूर्ण केले.

दोन दिवसांनी कळवण्यात आले की अचूकता ७८ टक्के भरली, त्यामुळे मानधन मिळणार नाही आणि करारानुसार सेवाशुल्क म्हणून जीएसटीसह २,३६० रुपये मीच द्यायचे आहेत. घाबरून मी ते भरले. त्यानंतर ‘करार बंद करण्याचे’ ७,०८० रुपये मागितले. ते मी दिले नाहीत, तेव्हा व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस आली. तीत भारतीय दंड विधान ४२० आणि ४०६, अजामीनपात्र वॉरंट आणि ४८ तासांत पोलीस घरी येतील, असे लिहिले आहे. घरात अद्याप कोणालाही सांगितलेले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. या नोटिशीचे काय करावे? आणि ज्या ॲपवर खरोखर काम मिळते ते कोणते, हे माझ्यासारखीने कसे ओळखावे?

---

स्पष्टवक्ता

ताई, सरळ नियम लक्षात ठेवा. काम देणारा पैसे मागत नसतो, म्हणून जे ॲप पैसे मागते ते फसवे असते. पॅन आणि आधार तर कोणालाही देऊ नयेत. एवढे पाळले तर कोणीही फसणार नाही.

---

निवृत्त नाझर

सौ. ताईंना नमस्कार. मी जिल्हा न्यायालयात नाझर म्हणून काम करून निवृत्त झालो. समन्स आणि वॉरंटे बेलिफांकडे वाटून देणे हेच माझे अनेक वर्षांचे काम होते, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा कागद नव्हे. ते एका पक्षकाराने वकिलामार्फत दुसऱ्याला लिहिलेले पत्र असते, आणि ते खरे असले तरी त्याच्या बळावर कोणालाही अटक होत नाही. वॉरंट न्यायालय काढते. टंकलेखनात चुका झाल्या, ठरलेले काम ठरल्याप्रमाणे झाले नाही, ही तक्रार फार तर दिवाणी स्वरूपाची आहे. तिच्यासाठी दावा दाखल करावा लागतो, दाव्याला क्रमांक पडतो आणि मग दाव्याच्या प्रतीसह समन्स निघते. ‘४८ तासांत पोलीस’ हा टप्पा या वाटेवर कोठेच येत नाही.

आपण लिहिलेल्या कलमांकडेही पाहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. आपला करार त्यानंतरचा असेल, तर त्याबद्दलच्या नोटिशीत जुन्या दंड विधानाची ४२० आणि ४०६ ही कलमे येण्याचे कारण नाही. रोज न्यायालयात जाणारा वकील अशी चूक सहसा करत नाही, पण जुनाच मसुदा नाव बदलून शेकडो जणांना पाठवणारा मनुष्य करतो. नोटिशीवर वकिलाचा सनद क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता आहे का? असल्यास त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे विचारता येते. दावा दाखल झाल्याचे कोणी सांगितले, तर services.ecourts.gov.in येथे पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरणाच्या सोळा अक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने शोधावे. क्रमांक सांगता येत नसेल, तर दावा नाही असे समजण्यास हरकत नाही.

आता करारनाम्याविषयी. सही केली म्हणजे हात बांधले गेले, असे आपल्याला वाटत असावे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यातील दोन कलमे आपल्या उपयोगाची आहेत. कलम १९ प्रमाणे, फसवून संमती घेतली असेल तर तो करार रद्द ठरवण्याचा हक्क फसवल्या गेलेल्या व्यक्तीकडे असतो. कलम ७४ प्रमाणे, करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते आणि ती लिहिलेल्या रकमेहून अधिक नसते. ही भरपाई न्यायालय ठरवते, समोरचा मनुष्य दूरध्वनीवर ठरवत नाही.

माझे मत असे की ई-मेलने एकदाच लेखी उत्तर द्यावे : ‘संमती फसवून घेतलेली असल्यामुळे हा करार मी रद्द करीत आहे, यापुढे संपर्क साधल्यास तो पोलीस तक्रारीत जोडला जाईल.’ त्यानंतर बोलू नये.

---

सुनीता_वाशी

माझेही असेच झाले होते, पण प्रकार वेगळा होता. टेलिग्रामवर हॉटेलांना नकाशावर तारे द्यायचे काम होते आणि पहिल्याच दिवशी खात्यात १५० रुपये आले. मग २,००० भरा, २,८०० मिळतील असे सांगितले, आणि तेही खरोखर मिळाले. त्यानंतर रक्कम वाढत गेली. शेवटी ४२,००० अडकल्यावर ‘तुमच्याकडून टास्क चुकला, आता आणखी भरले तरच सगळे सुटतील’ असे उत्तर आले.

पैशांहून अधिक त्रास पुढे झाला. मला आलेले ते २,८०० रुपये दुसऱ्या कोणा फसवल्या गेलेल्या माणसाचे होते. त्याने त्याच्या राज्यात तक्रार केली आणि त्या तक्रारीच्या मागावर माझे खाते गोठवले गेले. त्याच खात्यात मिस्टरांचे घरखर्चाचे पैसे येत असत. ते मोकळे होण्यास साडेतीन महिने लागले. कृष्णाकाठ ताई, तुमच्या खात्यात त्यांच्याकडून काही रक्कम आली होती का, ते आधी पाहा.

---

कृष्णाकाठ

नाही सुनीताताई, माझ्याकडूनच गेले, आले काहीच नाही. नाझरसाहेब, आपले उत्तर वाचून काल रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. नोटिशीवर सनद क्रमांक नाही, फक्त ‘अधिवक्ता, उच्च न्यायालय’ असा शिक्का आहे. कोणते उच्च न्यायालय तेही लिहिलेले नाही. स्टॅम्प पेपरचे चित्र आता मोठे करून पाहिले, तर खरेदीदार म्हणून त्यावर भलत्याच व्यक्तीचे नाव आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मी खरोखर काळजीपूर्वक काम केले होते. प्रत्येक फॉर्म दोनदा तपासला होता. मग ७८ टक्के कसे आले?

---

जमाखर्च

मी नाशिकची. नऊ वर्षे घरून हिशेब ठेवण्याचे काम करते, त्यातील सात वर्षे अपवर्क या घरून करायची कामे मिळवून देणाऱ्या मंचावर. ताई, तुमच्या या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते कळले की अशा जाहिराती वाचताक्षणी ओळखता येतात.

एका फॉर्ममध्ये साधारण किती रकाने होते? वीस धरते. समजा तुम्ही शंभर रकान्यांत एकच चूक केली, म्हणजे रकान्यांप्रमाणे तुमची अचूकता ९९ टक्के झाली. हे उत्तम काम आहे. परंतु करारनाम्यात बहुतेक असे वाक्य असते की एका रकान्यात चूक आढळली तर तो संपूर्ण फॉर्म चुकीचा धरला जाईल. आता गणित करा. विसाच्या वीस रकाने बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.८२ भरते. ५०० पैकी ४१० च्या आसपास फॉर्म बरोबर आणि नव्वदएक चूक. म्हणजे ९९ टक्के अचूक काम करणारी बाई ९० टक्क्यांच्या अटीत नापास होते. त्या अटीत पास होण्यासाठी जवळजवळ १९० रकान्यांत एकच चूक परवडते, आणि समोरचे चित्र मुद्दाम अंधूक ठेवलेले असते. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल यांत फरक कळू नये असाच अक्षरवळण निवडलेला असतो. वर तपासणीचा तक्ता तुम्हाला दाखवत नाहीत, त्यामुळे ७८ हा आकडा तपासून आला की नुसता लिहिला, हेही कळायला मार्ग नाही. तुमच्या कष्टांत खोट नव्हती.

दुसरे, मोबदला पाहा. ५०० फॉर्मचे १७,५०० रुपये. सहा दिवस रोज चार तास धरले तर चोवीस तास होतात, म्हणजे तासाला ७०० रुपयांहून अधिक. आमच्याकडे कार्यालयात बसून नोंदी करणाऱ्या मुलीला महिन्याला बारा ते पंधरा हजार मिळतात, म्हणजे तासाला साठ-सत्तर रुपये. जे काम कोणालाही येते, त्याला अनुभव लागत नाही आणि त्याचा दर मात्र बाजाराच्या दहापट आहे, तेव्हा ते काम विकले जात नसून काम करणारी व्यक्ती गिऱ्हाईक झालेली असते. शिवाय छापलेल्या फॉर्मचे चित्र वाचून मजकूर काढणारी सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपासून आहेत. माणसांकडून असे ५०० फॉर्म टंकवून घेण्याची गरज आज फार थोड्या कंपन्यांना उरली आहे.

स्पष्टवक्ता यांच्या नियमाबद्दल मात्र मला वेगळे सांगायचे आहे. त्या नियमाने तर या ताई फसल्याच, कारण त्यांच्याकडे आधी कोणी पैसे मागितले नव्हते. आणि त्याच नियमाने अपवर्क फसवे ठरेल. तेथे कामासाठी प्रस्ताव पाठवताना ‘कनेक्ट’ नावाचे टोकन खर्च होतात, आणि ते विकत घ्यायचे झाल्यास एका कनेक्टला ०.१५ डॉलर पडतात. एका प्रस्तावाला किती लागतील ते कामागणिक बदलते. पॅनही द्यावा लागतो, कारण भारतातील कमाईवर तेथे कर कापला जातो. म्हणून ‘पैसे मागितले का’ यापेक्षा पैसे कोणाला जातात आणि कशासाठी, हे विचारावे. मंचाचे ठरलेले शुल्क मंचाच्या पानावर सर्वांना सारखे दिसते. काम देणाऱ्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर अनामत, प्रशिक्षण, लॅपटॉपचा विमा किंवा करार बंद करण्याचे शुल्क म्हणून एक रुपयाही जाता कामा नये.

तुमचे २,३६० म्हणजे २,००० वर १८ टक्के जीएसटी. पावतीवर जीएसटी क्रमांक आहे का? असल्यास जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेता येतो. पैसे कोणाच्या नावे गेले तेही पाहा.

---

स्पष्टवक्ता

कनेक्टबद्दल मला माहिती नव्हती, हे मान्य करतो. तरीही ज्या बाईकडे घरखर्चातून वाचवलेले पाचशे रुपये आहेत, तिने काम मिळण्याची खात्री नसताना ते प्रस्तावांवर खर्च करावेत, हे मला पटत नाही. फसवणूक नसली तरी तो जुगारच झाला.

---

जमाखर्च

हा आक्षेप मी खोडू शकत नाही. माझा पहिला करार सत्ताविसाव्या प्रस्तावाला मिळाला, आणि तेव्हा एका प्रस्तावाला आजच्याहून कमी कनेक्ट लागत. आज नव्याने येणारीला किती प्रस्ताव लागतील, हे मी सांगू शकत नाही.

---

कृष्णाकाठ

पावतीवर कोणताही क्रमांक नाही आणि पैसे एका पुरुषाच्या वैयक्तिक खात्यात गेले आहेत, कंपनीच्या नव्हे. आज मी मिस्टरांना सर्व सांगितले. ते रागावतील असे वाटले होते, पण त्यांनीच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावून दिला. पैसे भरून नऊ दिवस झाले आहेत. तक्रार नोंदवून घेतली आणि क्रमांक मिळाला.

---

निवृत्त नाझर

उत्तम केलेत. हाच दूरध्वनी पहिल्या काही तासांत झाला असता, तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी बँकेत थांबवता आली असती. नऊ दिवसांनंतर ती आशा कमी आहे, हे आपल्याला स्पष्ट सांगणे मला योग्य वाटते. तरी cybercrime.gov.in वर त्या तक्रारीत सर्व पुरावे जोडावेत : करारनामा, नोटीस, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, दूरध्वनी क्रमांक आणि त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता. व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नये. यापुढे धमकी आली तर तीही जोडावी, कारण भीती घालून पैसे मागणे हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

---

पापड_लोणची_विटा

ताई, या सगळ्यात पडण्यापेक्षा बचत गटात या. आमच्याकडे दिवाळीच्या वेळी चकलीच्या भाजणीला इतकी मागणी असते की हात अपुरे पडतात. विटा आणि तुमचे गाव फार लांब नसावे.

---

कृष्णाकाठ

आपुलकीने विचारलेत, आभारी आहे. पण सासूबाईंना पॅरालिसिस आहे आणि त्यांना एकटे सोडून बाहेर पडता येत नाही, म्हणूनच घरून आणि लॅपटॉपवरचे काम पाहते आहे.

---

मंदार_टोरांटो

मी येथे एक छोटा व्यवसाय चालवतो आणि हिशेब ठेवण्यासाठी तीन वर्षांपासून अपवर्कवरून भारतातील व्यक्तींना काम देतो. काम देणाऱ्याच्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

मी ‘डेटा एन्ट्री’ अशी जाहिरात दिली होती, तेव्हा काही तासांत पन्नासहून अधिक प्रस्ताव आले आणि सर्वांचा मजकूर जवळजवळ एकच होता. दुसऱ्या वेळी मी लिहिले, ‘दुकानाच्या पावत्या बँकेच्या विवरणाशी जुळवून द्यायच्या आहेत’. तेव्हा अकराच आले, आणि त्यांतील एका बाईंनी विचारले होते की क्रेडिट कार्डावरचा परतावा वेगळा दाखवायचा की विक्रीतून वजा करायचा. मी त्यांनाच काम दिले. त्या यवतमाळच्या निघाल्या, पण हे मला नंतर कळले. तुम्ही टॅलीवर काम केले आहे, म्हणजे बँकेचा ताळमेळ तुम्हाला येतो. ‘डेटा एन्ट्री’ या शब्दाखाली स्वतःला लपवू नका.

आणखी एक गोष्ट. माझ्या नावापुढे ‘पेमेंट व्हेरिफाइड’ असे चिन्ह, आजवर किती डॉलर खर्च केले तो आकडा, आणि आधी काम केलेल्यांचे अभिप्राय दिसतात. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी हे तीनही पाहा.

---

जमाखर्च

मंदार यांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. ते चिन्ह असूनही फसवणारे भेटतात, फक्त त्यांना एक गोष्ट करावीच लागते : तुम्हाला मंचाबाहेर नेणे. तेथे काय सुरक्षित आहे आणि कधी, हे समजले की ते का नेतात हे आपोआप कळते.

ठरावीक रकमेच्या कामात काम देणारा आधी पैसे मंचाकडे जमा करतो. जमा झाले की तुमच्या पानावर तो टप्पा ‘फंडेड’ असा दिसतो. हा शब्द दिसेपर्यंत एकही नोंद करायची नाही, ‘फक्त नमुना म्हणून’ सुद्धा नाही. तुम्ही काम सुपूर्द केल्यावर त्याने चौदा दिवसांत काहीच उत्तर दिले नाही, तर ती रक्कम आपोआप तुमच्याकडे येते. तासाच्या कामात ट्रॅकर चालू ठेवावा लागतो आणि तो दर दहा मिनिटांच्या टप्प्यात पडद्याचे एक चित्र घेतो. काहींना हे पाळतीसारखे वाटते, परंतु पुढे वाद झाला तर त्याच नोंदीवर पैसे मिळतात. टेलिग्रामवर गेलात की यांतले काहीही लागू होत नाही, आणि करारापूर्वी बाहेर संपर्क करणे तेथील नियमांविरुद्ध असल्याने तुमचे खातेही बंद होऊ शकते. माझ्याकडे आलेल्या अशा निरोपांत टेलिग्रामचे नाव मजकुरात नसे, चित्राच्या आत लिहिलेले असे, कारण मजकूर तपासला जातो हे त्यांना माहीत असते.

एक सापळा विशेषतः नव्याने खाते उघडणाऱ्या बायकांसाठी आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ‘तुमचे ओळख पटवलेले खाते आम्हाला वापरायला द्या, काम आम्ही करू, तुम्हाला महिन्याला ठरावीक रक्कम मिळेल’ असा प्रस्ताव येतो. यात तुमच्याकडे कोणी पैसे मागत नाही, उलट देतात. पण तुमच्या आधारवर आणि तुमच्या बँक खात्यावर दुसरेच कोणी व्यवहार करते, आणि उद्या काही घडले तर सुनीताताईंवर जी वेळ आली ती तुमच्यावर येते.

आता कोणते ॲप. फायव्हरवर उलटी रीत आहे. तुम्ही आपले काम आणि किंमत लावून ठेवायची, गिऱ्हाईक आगाऊ पैसे भरून मागणी नोंदवते, आणि मंच तुमच्या वाट्यातून २० टक्के घेतो. प्रस्तावाचा खर्च नाही, पण वाट पाहावी लागते, कधी महिनोन् महिने. अपवर्कचा वाटा पूर्वी सरसकट १० टक्के होता, २०२५ पासून तो कामाप्रमाणे शून्य ते १५ टक्के असतो आणि प्रस्ताव देतानाच दिसतो. इंटर्नशालावर घरून आणि अर्धवेळ अशी चाळणी लावता येते. नाव विद्यार्थ्यांसाठी वाटते, तरी तेथील अनेक जाहिरातींत पुन्हा काम सुरू करू इच्छिणाऱ्या महिलांनीही अर्ज करावा असे स्पष्ट लिहिलेले असते. अपना हे ॲप मराठी मुलखात खूप वापरले जाते, पण मला तेथे दूरध्वनीवरून विक्रीची पूर्णवेळ कामेच अधिक दिसली. चार तासांच्या मोकळ्या वेळात ती बसत नाहीत.

---

स्पष्टवक्ता

आणि नाझरसाहेब, नोटिशीला उत्तर देण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. उत्तर दिले की समोरच्याला कळते की येथे घाबरणारे माणूस आहे, आणि मग ते अधिक पाठ घेतात. माझ्या मेहुणीने सरळ सर्व क्रमांक बंद केले आणि पंधरा दिवसांत सर्व शांत झाले.

---

निवृत्त नाझर

आपल्या मेहुणीचा अनुभव मी नाकारत नाही. परंतु मी कागदाच्या जगात वाढलो. उद्या प्रश्न निघालाच, तर करार आपण कोणत्या तारखेला नाकारला हे दाखवणारा एक ओळीचा का होईना कागद हाती असावा, असे मला वाटते. ताईंनी आपल्या मनाला जे झेपेल ते करावे.

---

कृष्णाकाठ

सुमारे पाच आठवड्यांनी लिहिते आहे. मी एकच ई-मेल पाठवला आणि मग क्रमांक बंद केले. त्यानंतर आणखी दोन वेगळ्या क्रमांकांवरून दूरध्वनी आले, तेही तक्रारीत जोडले. पोलीस आले नाहीत, समन्स आले नाही. २,३६० रुपयेही परत आलेले नाहीत. आधारची प्रत त्यांच्याकडे आहे ही काळजी मात्र आहे. आधारच्या ॲपवरून बोटांच्या ठशांना कुलूप लावून घेतले, परंतु पॅनचे काय करावे ते कळत नाही.

कामाबद्दल सांगायचे तर आमच्या गावातील खतांच्या दुकानदारांनी त्यांच्या महिन्याच्या पावत्या टॅलीवर चढवण्याचे काम दिले. पावत्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि मी सासूबाईंजवळ बसून नोंदी करते. महिन्याला २,५०० ठरले आहेत आणि पहिला महिना मिळाला. अपवर्कवर बँकेचा ताळमेळ एवढेच लिहून खाते उघडले, नऊ प्रस्ताव पाठवले. काल एक उत्तर आले : ऑस्ट्रेलियातील एका फुलांच्या दुकानाचे चार महिन्यांचे विवरण जुळवायचे आहे, ६० डॉलर. पेमेंट व्हेरिफाइड आहे, आधी तीन जणांना काम दिले आहे. ते म्हणतात की पहिल्या महिन्याचे काम आज रात्री करून दाखवा, मग करार पाठवतो. करून पाठवू का?

---

सुनीता_वाशी

पॅनसाठी मी दर काही महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून पाहते. आपल्या नावावर भलतेच कर्ज दिसले तर त्यातच दिसते. वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो.

---

जमाखर्च

करून पाठवू नका. त्यांना लिहा की चार महिन्यांचे चार टप्पे करू, पहिल्या टप्प्याचे १५ डॉलर जमा केलेत की त्याच दिवशी काम सुरू करते. ते खरे गिऱ्हाईक असू शकतात. अनेकांना नमुना आधी पाहायचा असतो, त्यात गैर काही नाही, फक्त तो नमुना जमा केलेल्या पैशांवर व्हावा. ते नाही म्हणाले तर काय उत्तर देतात तेवढे येथे लिहा, मी पाहते.

---

कृष्णाकाठ

तसेच लिहून पाठवले आहे. तिकडे आता रात्र असेल, त्यामुळे उत्तर उद्या येईल.